आखाजीचा मेसेज

३० एप्रिल २०२५, बुधवार. सकाळचे सात वाजलेले आणि जळगावात ऊन आधीच अंगणात येऊन बसलेलं. स्वयंपाकघरात आई पुरण वाटत होती, आजी ओट्यावर नवी घागर धुऊन ठेवत होती आणि मी बाजेवर बसून मोबाइलमध्ये एक मेसेज लिहीत होतो, पुसत होतो, परत लिहीत होतो.

मेसेज साधाच होता. आखाजीच्या शुभेच्छा. बाकीचा महाराष्ट्र ज्याला अक्षय्य तृतीया म्हणतो आणि सोनं घेऊन मोकळा होतो, तो आमच्या खानदेशात दिवाळीच्या तोडीचा सण आहे. लेकी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात, घरोघर खापरावरचे मांडे आणि आमरस. पुण्यात आयटीत असलेला आमच्याकडचा पोरगा एक वेळ गणपतीला घरी येणार नाही, पण आखाजीला येतो. मीही आलो होतो. १ मेची सुट्टी लागून आली होती, त्यामुळे एकाच रजेत काम झालं.

मेसेज ज्याला पाठवायचा होता तो धुळ्यात होता. मी त्याला दादा म्हणतो. वयाने तीन वर्षांनी मोठा, आमच्याच टीममधला, आमच्याच विद्यापीठाचा. त्याच्या डिग्रीवर ‘उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ’ एवढंच आहे. माझ्या डिग्रीवर त्याच्या आधी ‘कवयित्री बहिणाबाई चौधरी’ लागलंय, कारण २०१८ मध्ये नाव बदललं आणि मी २०१९ ला बाहेर पडलो. यावरून तो मला चिडवतो की तुझी डिग्री कवितेची आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षी मला कोड रिव्ह्यू म्हणजे काय, प्रॉडक्शनवर काय करायचं नसतं आणि ‘माहीत नाही’ हे मीटिंगमध्ये कसं म्हणायचं, हे सगळं त्याने शिकवलं.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात आमच्याकडे प्रमोशनची पत्रं आली. मला आलं. त्याला आलं नाही.

सगळ्यांना वाटत होतं की त्याचं होणार. मलाही. माझं पुढच्या वर्षी झालं असतं तरी कोणाला काही वाटलं नसतं. पण अशा याद्या कशा ठरतात ते आता थोडंफार कळायला लागलंय. प्रत्येक मॅनेजर आपल्या माणसांची नावं घेऊन एका बैठकीत जातो. जागा मोजक्या असतात. तिथे बसलेल्या बाकीच्या मॅनेजरांना तुमचं काम पाहिलेलं नसतं, त्यांना दोन-तीन ओळी ऐकायला मिळतात. माझ्या ओळी सोप्या होत्या: नवीन स्क्रीन केली, ग्राहकांना आवडली, डेमो झाला. त्याच्या ओळी अवघड होत्या, कारण त्याचं सगळ्यात चांगलं काम म्हणजे काही घडू न देणं.

यादी आली त्या दुपारी त्याने ग्रुपवर माझं अभिनंदन केलं. सगळ्यात आधी. खाली एक फटाक्याचा इमोजी. त्यानंतर दोन आठवडे आम्ही रोज बोललो, पण फक्त कामाचं. तिकीट बंद केलं का, बिल्ड पास झाला का. चहाला तो बहुतेक वेळा ‘तू हो पुढे’ म्हणायचा.

आणि दर आखाजीला सकाळी सहाच्या आत त्याचा मेसेज येतो, अहिराणीत. यंदा सात वाजले तरी नव्हता. म्हणजे या वेळी आधी मी लिहायचं होतं.

पहिला मसुदा मी डोकं न वापरता लिहिला. ‘अक्षय्य तृतीयेच्या हार्दिक शुभेच्छा! सुख, समृद्धी आणि यश अक्षय राहो.’ पाठवायच्या आधी एकदा वाचला आणि बोट थांबलं. अक्षय म्हणजे ज्याचा क्षय होत नाही, जे आहे तसंच राहतं. ज्या माणसाचं पद परवाच आहे तसंच ठेवलं गेलंय, त्याला मी ‘असंच कायम राहो’ अशा शुभेच्छा देत होतो. शिवाय ‘समृद्धी’ आणि ‘यश’ हे शब्द ज्याला पगारवाढ मिळाली त्याच्याकडून येणार. जळगावातल्या प्रत्येक सराफाने पाठवलेली सोन्याच्या नाण्यांची चित्रं फोनमध्ये पडलेलीच होती. त्यातलं एखादं पुढे ढकललं असतं तर उरलीसुरली कसरही भरून निघाली असती.

दुसरा मसुदा आशावादी होता. ‘दादा, पुढची आखाजी तुझी!’ हा वाचायला बरा वाटतो. पण यात दोन भानगडी आहेत. एक म्हणजे ही आखाजी तुझी नाही, हे मी त्याला सणाच्या सकाळी सांगतोय. दुसरी म्हणजे पुढच्या वर्षी काय होईल ते माझ्या हातात नाही. जे देता येत नाही त्याचं आश्वासन त्याने काय करावं?

तिसरा मसुदा लिहिताना मला स्वतःचंच कौतुक वाटत होतं. ‘पद कुठलंही असो, माझ्यासाठी सीनियर तूच.’ यात मनापासून काही होतं हे खरं. पण हा मेसेज त्याच्या हातात पडल्यावर त्याने काय उत्तर द्यायचं? ‘अरे नाही रे, तू डिझर्व्ह करतोस.’ म्हणजे सांत्वन त्यानेच माझं करायचं. दोन आठवडे माझ्या पोटात जे टोचत होतं, ते मी त्याच्याकडून काढून घेऊ पाहत होतो. शुभेच्छांच्या पाकिटात मी माझं ओझं भरून पाठवत होतो.

चौथा विनोदी. ‘काय दादा, आपण सगळे सालदारच.’ हा लिहिला आणि आजीकडे पाहिलं, आणि लगेच पुसला.

कारण माझे आजोबा खरोखर सालदार होते. एरंडोल तालुक्यातल्या एका गावात, एका शेतकऱ्याकडे. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. सालदार म्हणजे वर्षाच्या करारावर शेतात राबणारा माणूस, आणि खानदेशात ते वर्ष आखाजीला संपतं, आखाजीलाच सुरू होतं. त्या दिवशी जुना हिशेब होतो, काही रक्कम आधीच उचल म्हणून घेतलेली असते ती वळती होते, खाडे मोजले जातात आणि नवं साल ठरतं. वाढवून मिळतं, किंवा तेवढंच राहतं, किंवा ‘यंदा दुसरीकडे बघ’ असं ऐकावं लागतं. आमच्याकडे मांड्यांचा वास आणि पुढच्या वर्षाच्या भाकरीची चिंता एकाच दिवशी घरात येत असे. एसीत बसून पगारवाढीचं पत्र उघडणाऱ्या मी स्वतःला सालदार म्हणवणं म्हणजे आजोबांची चेष्टा होती.

आजीने घागर पुसून ठेवली आणि विचारलं, “काय रे, कवाचा फोनमंदी तोंड घालून बसलाय?”

मी सांगितलं. थोडक्यात, तिला कळेल असं. माझं साल वाढलं, माझ्या दोस्ताचं नाही वाढलं, आणि त्यानेच मला काम शिकवलं होतं. त्याला आज काय लिहू?

आजी घागरीवर ठेवायचं डांगर हातात घेऊन बसली. आमच्याकडे खरबुजाला डांगर म्हणतात. मग तिने एक गोष्ट सांगितली, जी मी कधी ऐकली नव्हती.

आजोबांबरोबर त्याच मालकाकडे आणखी एक सालदार होता. एका पावसाळ्यात तो हिवतापाने दीड महिना पडून राहिला. आखाजीला मालकाने खाडे मोजले. आजोबांचं साल वाढलं, त्याचं होतं तेवढंच राहिलं. संध्याकाळी आजोबा एक डांगर घेऊन त्याच्या घरी गेले. आजी दारातूनच त्यांच्यामागे गेली होती, कारण तिला वाटलं आता रडारड होणार. आजोबा ओट्यावर बसले आणि म्हणाले, आपला डावा बैल दोन दिवस पाय टेकत नाही, उद्या जरा खूर बघशील का? त्याला बैलांचं फार कळायचं. मग दोघं अंधार पडेपर्यंत खुरांवर बोलत बसले आणि डांगर कापून खाल्लं.

“सालाचं काहीच नाही बोलले?” मी विचारलं.

“त्याले काय माहीत नव्हतं का?” आजी म्हणाली.

“मग खुराचं निमित्तच काढलं ना?”

आजी चिडली. “निमित्त काहाचं? बैल खरंच लंगडत होता.”

ते उत्तर माझ्या डोक्यात अडकून बसलं. बैल खरंच लंगडत होता. म्हणजे त्या माणसाचं साल वाढलं असतं तरीही आजोबा खूर बघायला त्यालाच बोलावणार होते. मग मी माझ्या चारही मसुद्यांना तोच प्रश्न लावला: दादालाही प्रमोशन मिळालं असतं, तर मी हे वाक्य पाठवलं असतं का? ‘पुढची आखाजी तुझी’ पाठवलं नसतं. ‘सीनियर तूच’ पाठवलं नसतं. ही सगळी वाक्यं त्या न आलेल्या पत्राच्या पोटातून निघाली होती, म्हणून त्यात पत्राचा उल्लेख नसला तरी पत्र दिसत होतं. माणसाला लपवलेली गोष्ट बरोबर वास येते.

मग पाठवलंच असतं असं काय होतं?

एक म्हणजे घरची बातमी. आम्ही दर वर्षी ती एकमेकांना सांगतो. कोणाकडे काय शिजलं, डांगर गोड निघालं की फिकं, ऊन किती.

दुसरी गोष्ट कामाची होती, आणि तीही खरी होती. त्याच आठवड्यात मला एक जुना जॉब उघडावा लागला होता. रात्री बँकेकडून व्यवहारांची फाइल येते आणि हा जॉब ती आमच्या नोंदींशी ताडून पाहतो. मला त्यात एक नवीन रकाना घालायचा होता. मी फाइल वाचणारा भाग सरळ सोपा करायला निघालो होतो, मधली एक तपासणी मला फालतू वाटली आणि मी ती काढणार होतो. तिच्या डोक्यावर ही ओळ होती:

```
# File may arrive twice, or half.
# Match trailer count before loading.
```

फाइल दोनदा येऊ शकते, किंवा अर्धीच येऊ शकते. अशा फाइलच्या शेवटच्या ओळीत एकूण किती नोंदी आहेत तो आकडा असतो. तो जुळला नाही तर पुढे जायचं नाही. मी ती तपासणी काढली असती तर एखाद्या रात्री अर्धी फाइल पूर्ण समजून भरली गेली असती, आणि सकाळी शेकडो लोकांचे पैसे ‘मिळाले नाहीत’ असं दिसलं असतं. `git blame` मारलं. नाव दादाचं, तारीख २०२२ची. तीन वर्षं तो जॉब एकदाही चुकीचं भरून बसला नव्हता. म्हणूनच त्याच्याबद्दल कोणत्याही बैठकीत बोलायला दोन ओळी नव्हत्या.

हे मी त्याला सांगणारच होतो. पण इथेही एक खाच आहे. ‘तुझं काम किती महान आहे’ असं लिहिलं असतं तर ते सर्टिफिकेट झालं असतं, आणि मिळायचं ते सर्टिफिकेट न मिळाल्यावर दुसरं कुणी हातात ठेवलं की ते बोचतंच. म्हणून विशेषणं काढली. काय झालं तेवढंच ठेवलं. शिवाय मला त्या तपासणीबद्दल एक शंका होती, ती विचारायची होती. आजोबांच्या बैलासारखी, खरीच.

तिसरी गोष्ट भेटीची. आमचा एक रिवाज पडलाय. आखाजीच्या दुसऱ्या दिवशी एकाने दुसऱ्याच्या गावी जेवायला जायचं. २०२३ ला तो जळगावला आला होता, २०२४ ला मी धुळ्याला गेलो. यंदा पाळी त्याची. पण तो आमच्या घरी आला असता तर काय झालं असतं, हे मला दिसत होतं. मामा, काका, शेजारचे, सगळे आखाजीला जमलेले. प्रत्येक जण त्याच्यादेखत माझ्या पाठीवर थाप मारून ‘साहेब झाला’ म्हणणार, आणि मग त्याच्याकडे वळून विचारणार, ‘आणि तुमचं?’ म्हणून मीच जायचं ठरवलं. या एका ठिकाणी मी माझ्याच कसोटीला बगल दिली. त्याला प्रमोशन मिळालं असतं तर मी पाळी मोडली नसती.

शेवटी गेलेला मेसेज असा होता:

‘दादा, आखाजीच्या शुभेच्छा. काकूंना नमस्कार सांग. आमच्याकडे घागर भरून झाली, आजोबांच्या नावाची सांजोरी ठेवली. डांगर यंदा फिकं. उद्या सकाळच्या एसटीने धुळ्याला येतोय, मांडे शिल्लक ठेव. घरी गर्दी असेल तर नको म्हण, पुण्यात भेटू. परवा तुझा बँकेच्या फाइलचा जॉब उघडला. ती ट्रेलरची तपासणी मी काढणारच होतो, तुझी कमेंट वाचून थांबलो. त्यात एक विचारायचंय, आल्यावर विचारतो.’

‘नको म्हण’ हे वाक्य शेवटच्या क्षणी घातलं. कोणाच्या घरी जाऊन बसणं हाही एक प्रकारचा आग्रहच असतो, आणि त्या दिवसांत त्याला माझं तोंड बघायचं नसेल तर तसं न सांगता टाळायला एक दार हवं होतं. ‘कसा आहेस?’ हे मात्र मुद्दाम लिहिलं नाही. एरवी तो प्रश्न काहीच विचारत नाही. त्या आठवड्यात त्याने सगळंच विचारलं असतं.

मेसेज खासगी पाठवला. ग्रुपवर वेगळ्या शुभेच्छा सगळ्यांना दिल्या. दोन निळ्या टिका लगेच आल्या. उत्तर नाही. आम्ही उंबऱ्याला कुंकवाची बोटं लावली, पितरांची नावं घेतली, आगारी टाकली, जेवलो. चार वाजेपर्यंत मी फोन किती वेळा पाहिला ते सांगत नाही. मग दोन शब्द आले, अहिराणीत: ‘जेवाले ये.’

दुसऱ्या दिवशी एसटीने निघालो. एरंडोल, पारोळा, मग धुळे. खिडकीतून येणारा वारा तव्यावरून आल्यासारखा. बसस्टँडवर तो गाडी घेऊन उभा होता. हेल्मेट माझ्या हातात देताना म्हणाला, “पाळी माझी होती.”

“हो,” मी म्हणालो.

त्याने किक मारली. पांझरेच्या पुलावरून जाईपर्यंत आम्ही दोघं गप्प होतो. त्याने ओळखलं होतं, आणि ओळखलंय हे सांगून विषय संपवला होता. शब्दांची एवढी काटछाट करूनही समोरच्याला कळतंच. ते कळू नये असा प्रयत्नही नसावा बहुतेक.

घरी काकूंनी मात्र सगळ्या कसरतीवर पाणी ओतलं. ताटात रस वाढता वाढता म्हणाल्या, “तुझं तिकडे झालं म्हणे मोठं काम. याचं यंदा नाही झालं.” माझा घास हातातच राहिला. दादा मान वर न करता म्हणाला, “झालं ना. मीच शिकवलंय त्याला. वाढ अजून एक मांडा.”

जेवण झाल्यावर मी लॅपटॉप काढला आणि माझी शंका विचारली. शेवटच्या ओळीतला आकडा जुळतो, पण फाइल कालचीच परत आली असेल तर? त्याने दोन मिनिटं पाहिलं आणि म्हणाला की तारीख आणि आकडा दोन्ही मिळून ताडायला हवं, हे त्याच्याकडून तेव्हा राहिलं होतं. आम्ही तासभर त्यावर बसलो. मध्येच तो स्वतःहून म्हणाला, “मला वाईट वाटलं रे. तुझ्यामुळे नाही.” मी “हं” म्हणालो. त्याला आणखी बोलायचं असतं तर मी ऐकलं असतं. त्याला तेवढंच बोलायचं होतं.

आजीच्या गोष्टीचा एक तुकडा मी वर गाळलाय. पुढल्या आखाजीच्या आधी आजोबा मालकाकडे गेले होते आणि त्यांनी सांगितलं होतं की वर्षभर दोन्ही जोड्यांचे खूर त्या दुसऱ्यानेच सांभाळले, मी नाही. त्या गड्याचं साल मग वाढलं का, ते आजीला आठवत नाही. पण सणाच्या दिवशी तोंड मिटलं होतं ते मालकासमोर उघडलं, एवढं तिला पक्कं आठवतं.

मी जूनमध्ये आमच्या मॅनेजरला त्या जॉबबद्दल एक पान लिहून दिलं. तपासणी नसती तर कुठल्या रात्री काय झालं असतं, जुन्या लॉगमधून अर्ध्या आलेल्या फाइलींच्या तारखा काढून. आधी दादाला दाखवलं. त्याने दोन चुका दुरुस्त केल्या आणि एक विशेषण खोडलं. एप्रिलमध्ये त्याचं काय होईल मला माहीत नाही.

धुळ्याहून परत निघताना बसच्या खिडकीशी उभा राहून तो म्हणाला, “एक सांग. काल सकाळी वीस मिनिटं तुझं टायपिंग दिसत होतं. मला वाटलं पोथी येते आहे. आणि आलं काय, तर डांगर फिकं.”